चुलीवर बसवलेला माठ

पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण ज्यानं रूढ केली, त्यानं नवाकोरा घडा कधी हाती धरला नसावा. भट्टीतून निघालेलं मडकं पालथं घाला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओता. बरंचसं ओघळून जाईल हे खरं, पण उरलेलं पाणी ते मडकं बारीक चुसचुस आवाज करत, उन्हातून आलेल्या पाहुण्यासारखं पिऊन टाकेल. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही अशा माणसाला या मडक्याची उपमा देणं हा मडक्यावर धडधडीत अन्याय आहे. त्याचं दुखणं नेमकं उलटं आहे. त्याच्यात सगळंच शिरतं. पाणी शिरतं, तेल शिरतं, फोडणीचा वास शिरतो, धुताना लावलेला साबणही शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. नवी हंडी स्वयंपाकाला घेण्याआधी जे काही सोपस्कार सांगितले जातात, ते सगळे या एका स्वभावाशी जोडलेले आहेत. सांगणाऱ्यांना मात्र त्याची आठवण क्वचित असते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली हंडी घरात आली की सल्ल्यांची भट्टी पेटते. कुणी रात्रभर भिजवा म्हणतं, कुणी तीन दिवस, कुणी पेज घाला म्हणतं, कुणी तेल. कशासाठी, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच येतं: ‘मडकं पक्कं होतं.’ माझं म्हणणं असं की ते पक्कं वगैरे काही होत नाही. मडकं पक्कं होण्याचा मुहूर्त कुंभाराच्या भट्टीत एकदाच येतो, आणि तिथे जे कच्चं राहिलं ते बादलीत बुडवून पक्कं होत नसतं. घरी आपण करतो ते वेगळंच काम आहे. एका माठाची समजूत घालून त्याला माठपणा सोडायला लावायचा असतो.

माठपणा म्हणजे काय ते उन्हाळ्यात सगळ्यांना ठाऊक असतं. साध्या भट्टीत भाजलेल्या मातीत सूक्ष्म छिद्रं राहतात, त्यांतून पाणी बाहेरच्या अंगाला झिरपतं, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते भांड्यातली उष्णता घेऊन जातं. माठ पाणी गार करतो तो असा, स्वतः घाम गाळून. आता याच मातीची, याच छिद्रांची हंडी आपण गॅसवर ठेवतो आणि तिनं पाणी उकळावं अशी अपेक्षा करतो. खालून गॅस तापवतो आहे, बाहेरून झिरपणारं पाणी गार करतं आहे, आणि मध्ये डाळ बिचारी तासभर कोमट पाण्यात बसून दोघांचं भांडण मिटण्याची वाट पाहते आहे. या भांडणाचा हिशेब शाळेतल्या आकड्यांनी मांडता येतो. १ लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ७० हजार कॅलरी उष्णता लागते. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला लागतात सुमारे ५४० कॅलरी. म्हणजे जेमतेम १३० ग्रॅम, पाऊण वाटी पाणी हंडीच्या बाहेरच्या अंगावर वाफ होऊन गेलं, की १ लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता वाऱ्यावर गेली. सिलिंडर लवकर संपला म्हणून ज्या हंडीला बोल लावला जातो, ती खरं तर आपला जन्मजात धर्म पाळत असते.

हे नुसतं कागदावरचं गणित नव्हे. अमेरिकेतले पुरातत्त्वज्ञ मायकेल शिफर यांनी १९९० च्या सुमारास मातीच्या भांड्यांना निरनिराळे लेप देऊन ती तापवून पाहिली. प्राचीन लोक मडक्यांना आतून-बाहेरून काहीबाही का चोळत असावेत, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या भांड्यांतून पाणी मोकळेपणी झिरपत होतं ती तापण्यात मागे पडली आणि ज्यांना आतून लेप होता ती पुढे गेली. फिलिपीन्समधल्या कलिंगा कुंभारणींना हे कुठल्याही प्रयोगशाळेवाचून कळलेलं होतं. त्या मडकं भाजून निघाल्यावर गरम असतानाच त्याला झाडाची राळ चोळत, म्हणजे ती वितळून छिद्रांत बसे. केरळात मीनचट्टी माशाच्या आमटीला घेण्याआधी तांदळाची पेज तिच्यात मुरवतात. आपल्याकडे कोकणातही पेजच. राळ काय, पेज काय, काम एकच. छिद्रांच्या तोंडाशी असं काही बसवायचं की पाणी आतल्या आत राहील. राळ मडकं गरम असताना का चोळतात हे लगेच समजतं. पेजेच्या बाबतीत मात्र तिचं कोणतं रूप कामाचं, याबद्दल गोंधळ फार आहे.

पेजेतली किमया पिठूळपणाची आहे, म्हणजे स्टार्चची. कच्च्या तांदळातला स्टार्च बारीक कणांच्या रूपात असतो आणि थंड पाण्यात तो विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि मग तळाशी बसतो. पाणी साधारण ६५ ते ७५ अंशांवर गेलं की हे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. सुती साडीला कडकपणा देणारी हीच ती खळ. छिद्रात शिरून वाळल्यावर चिकटून बसण्याचा गुण या खळीत आहे, कच्च्या कणांत नाही. त्यामुळे तांदळाचं थंड धुवण हंडीत ओतून ती दोन दिवस कोपऱ्यात ठेवणं म्हणजे साडी तांदळाच्या डब्यात ठेवून कडक होण्याची वाट पाहणं आहे. तिसऱ्या दिवशी त्या धुवणाला आंबूस वास येतो, आणि ‘मडक्यानं काम केलं’ अशी घरातल्यांची खात्री पटते. काम केलेलं असतं ते जंतूंनी. धुवण वापरायचंच असेल तर त्यात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून ते हंडीतच उकळायला हवं. शिजलेल्या भाताची पेज असेल तर उत्तमच, कारण तिची खळ आधीच झालेली असते.

आता दोन लिटरची एक साधी, बिनरंगाची, बिनचकाकीची हंडी घेऊ आणि तिला रीतसर मार्गाला लावू. विकत घेताना ती बोटाच्या पेरानं वाजवावी. चांगली भाजलेली टणकन बोलते आणि तडा गेलेली बद्द वाजते. (हे तपासताना चेहऱ्यावर जाणकारीचे भाव ठेवण्याची प्रथा आहे, आवाज नाही कळला तरी भाव कमी होण्याची शक्यता वाढते.) घरी आणल्यावर काथ्यानं राख आणि धूळ झाडायची, साबण लावायचा नाही, आणि हंडी बादलीत पूर्ण बुडवून २४ तास ठेवायची. सुरुवातीला बुडबुड्यांच्या माळा वर येतील. छिद्रांतली हवा बाहेर पडून पाणी आत जातं आहे, एवढाच त्याचा अर्थ. दीड किलोची हंडी सहज दीडशे-दोनशे ग्रॅम पाणी पिऊन बसते. या भिजवण्याला लोक औषध समजतात, पण ती परीक्षा आहे. राख निघून जाते आणि दोष दिसतात. बादलीतून काढून पुसलेली हंडी पाण्यानं भरून वर्तमानपत्रावर ठेवली की कळतं: घाम येतो तो सगळ्या अंगाला सारखा येतो, भेग मात्र एका रेषेत रडते. नुसता घाम असेल तर पुढे जायचं. रेष असेल तर हंडीत मनीप्लांट लावायचा, डाळ नव्हे.

परीक्षेत पास झालेली हंडी सावलीत पालथी ठेवून, तिचा गडद रंग फिका पडेपर्यंत निथळू द्यायची. मग तिच्यात पाऊण उंचीपर्यंत पेज भरायची आणि गॅसवर सगळ्यात लहान आचेवर ठेवायची. पहिली १५ मिनिटं आचेला हात लावायचा नाही. या १५ मिनिटांत बाहेरचं अंग ओलं दिसेल, तळाशी थेंब जमतील, ते आचेवर पडून चर्र वाजतील आणि घरातलं कुणीतरी धावत येऊन ‘गळतंय!’ असं जाहीर करेल. गळू द्यावं. पेज तापत जाते तशी ती छिद्रांशी घट्ट होते आणि चर्र थांबतं; हंडीनं माठपणा सोडायला सुरुवात केल्याची ती खूण. नंतर आच किंचित वाढवून पाऊण तास पेज हळू खदखदू द्यायची, गॅस बंद करायचा आणि हंडी तशीच शेगडीवर गार होऊ द्यायची, जमलं तर रात्रभर. सकाळी पेज ओतून, कोमट पाण्यानं विसळून, पुन्हा पाण्यानं भरून वर्तमानपत्रावर ठेवायची. कागद भिजला तर पेजेचा दुसरा फेरा. बहुतेक हंड्या दुसऱ्या फेऱ्यात शहाण्या होतात. शेवटी पूर्ण वाळल्यावर आतून बोटभर खोबरेल चोळायचं ते हौस म्हणून. मुख्य काम पेजेनं केलेलं असतं.

आता फुटण्याबद्दल, कारण हंडीवाल्या घरात सगळी भीती त्याचीच असते. समज असा की माती उष्णतेनं फुटते. पण जी माती भट्टीत सहाशे-आठशे अंश सोसून आली, तिला आमटीच्या शंभर अंशांचं काय कौतुक? मडकं फुटतं ते उष्णतेनं नव्हे, उष्णतेतल्या फरकानं. तापलेला भाग फुगू पाहतो, गार भाग आपली जागा सोडत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत गार भागाला ताण बसतो. भाजलेली माती दाबली तर पुष्कळ सोसते, ओढली तर लगेच तडकते. म्हणून गॅसची आच एकदम मोठी करणं वाईट, पण त्याहून वाईट आहे तापलेल्या हंडीत गार पाणी ओतणं. तेव्हा आतला पृष्ठभाग आखडतो, बाकीची भिंत त्याला आखडू देत नाही, आणि सगळा ताण नेमका त्या पातळ थरावर येतो. रश्श्यात पाणी वाढवायचं तर गरमच वाढवावं, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं आयुष्य वाचतं. दुसरा गुन्हेगार म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. उकळती हंडी उतरवून नुकत्याच पुसलेल्या गार दगडावर ठेवली की ‘टक्’ असा एक छोटा, निर्णायक आवाज येतो. पूर्वी मडक्याखाली चुंबळ ठेवत ती नुसती मडकं कलंडू नये म्हणून नव्हे. आज चुंबळ नसेल तर लाकडी पाट किंवा जाड फडक्याची घडी चालते. गॅसची अडचण अशी की त्याची ज्योत तळाच्या एका वर्तुळावर सगळा जोर काढते, म्हणून मध्ये जाड जाळी किंवा जुना लोखंडी तवा ठेवला की तोच जोर पसरून वर येतो. त्यानं गॅस थोडा जास्त लागतो हा आक्षेप खरा आहे. त्याची काहीशी परतफेड हंडी शेवटी करते. आच बंद केल्यावरही ती दहा-पंधरा मिनिटं खदखदत राहते, तेव्हा भात पूर्ण शिजायच्या जरा आधीच गॅस बंद करावा. इंडक्शनच्या शेगडीवर मात्र हंडी ठेवण्यात अर्थ नाही. मातीत वीज खेळत नसल्यामुळे शेगडीला वर काही ठेवलंय याचा पत्ताच लागत नाही. बिरबलाची खिचडी तिथे अधिक लवकर होईल. बिरबलाचं मडकं फुटलं नसतं एवढं मात्र नक्की. इतक्या हळू आच वाढवणारा स्वयंपाकी पुन्हा झाला नाही.

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘आमच्या आजीनं असलं काही केलं नव्हतं, आणि तिची मडकी वर्षानुवर्षं टिकली.’ आजीनं केलं होतं, पण त्याला तिनं नाव दिलं नव्हतं. ज्या घरात रोज सकाळी पेज शिजते तिथे नव्या मडक्यात पहिल्या दिवशी काय शिजणार? पेजच. वेगळा संस्कार करायची गरज ज्याच्या घरी पहिल्या दिवशी पनीर शिजतं त्याला पडते. शिवाय आजीच्या चुलीची आच काटक्यांनी हळूहळू धरणारी, मडक्याच्या पोटाला चारी बाजूंनी वेढणारी होती. लायटर दाबताक्षणी पूर्ण जोरात पेटणारी नव्हती. आणि वर्षानुवर्षं टिकली म्हणता, त्यातही जरा स्मरणाची लबाडी आहे. फुटलेली मडकी आठवणीत राहत नाहीत, कारण ती उकिरड्यावर जात आणि कुंभाराकडून नवी येत. घराघरांत मडकी अमर असती तर कुंभार गावोगाव का असते?

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे आणि तो खान्देशातून येतो. तिथे पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात. खाली लाकडाचा जाळ, आत पाण्याचा थेंब नाही, आणि खापर तरीही ठणठणीत. रायगडकडची पोपटी घ्या: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, पाणी घालायचं नाही, मडकं पालथं घालून भोवती आग पेटवायची. तिथे कुणी पेजेचे फेरे करत बसत नाही. मग हंडीचेच एवढे लाड का? कारण तिथे पाणी धरून ठेवण्याचा प्रश्नच नाही. खापराला झिरपणं थांबवायचं नाही, त्याला नुसतं तापायचं आहे. छिद्रं तिथे मदतच करतात, कारण सुरू झालेली बारीक भेग एखाद्या छिद्रापाशी येऊन बऱ्याचदा अडते. कुंभार मातीत राख, लीद, भुसा मिसळतो त्यामागे हेही एक कारण आहे. लीद नि भुसा भट्टीत जळून जातात आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. पोपटीच्या मडक्याला तर आग चहूकडून वेढते, म्हणजे फरकाचा मुद्दाच निम्मा संपतो. म्हणजे खापर आणि पोपटी माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देत नाहीत. माती आगीला भीत नाही आणि पेज आगीसाठी नसते, पाण्यासाठी असते, हेच ती दोन्ही सांगतात. फक्त तापलेल्या खापरावर गार पाण्याचा शिपका मारून पाहू नये. तिथे खान्देशी खापरही हंडीइतकंच हळवं निघतं.

तिसरा आक्षेप दुकानदाराचा असतो. एवढी यातायात कशाला, आतून काचेसारखी चकाकणारी हंडी घ्या, झिरपणार नाही, भिजवायला नको. झिरपणार नाही हे खरं. पण कमी तापमानाला वितळून चकाकी देणारे जे लेप पूर्वापार वापरात आहेत, त्यांत बऱ्याचदा शिसं असतं, आणि चिंच, कोकम, टोमॅटो असा आंबट रस्सा त्यातून शिसं ओढून घेतो. आपल्या रश्श्यांत आंबट नसेल असा रस्सा शोधावा लागेल. शिसं चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, आणि मुलांच्या मेंदूवर ते काय करतं हे वैद्यकानं फार पूर्वी सिद्ध केलेलं आहे. चकाकी शिशाविना आहे अशी खात्रीची कागदोपत्री हमी नसेल तर त्या हंडीत फुलं ठेवावीत. तीच गोष्ट रंगाची. गेरू चोळलेली हंडी ओल्या फडक्याला थोडा तांबूस रंग देते, ती भाजलेली माती आहे, घाबरण्याचं कारण नाही. पण बाहेरचा तुकतुकीतपणा नखानं पापुद्र्यासारखा निघाला, किंवा तापताच रंगाच्या दुकानासारखा वास आला, तर तो कुंभाराचा हात नसून वार्निशाचा डबा आहे. काळ्या हंड्यांत भट्टीतल्या धुरानं काळी झालेली आणि काळा रंग फासलेली असे दोन प्रकार असतात. तेलाचा बोळा फिरवला की फासलेली हंडी आपली ओळख बोळ्यावर ठेवते.

उरला तो भाविकांचा आक्षेप. पेजेनं छिद्रं बुजवली तर माती ‘श्वास’ कसा घेणार? मातीच्या फुप्फुसांची इतकी काळजी वाहणारी मंडळी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी बारा महिने बंद ठेवतात, हे सोडून देऊ. पेज आतल्या तोंडाशी बसते, बाहेरची माती उघडीच राहते, आणि पेजेनंतरही हंडी पूर्ण बंद होत नाही. म्हणून धुतलेली हंडी उन्हात किंवा वाऱ्यावर नीट वाळवून, झाकण न लावता ठेवावी लागते. झाकून ठेवली की आठवड्यात आत बुरशीचे काळे ठिपके उगवतात. बाहेर पांढरं पुट दिसलं तर ती बुरशी नव्हे, पाण्यातले क्षार आहेत, कोरड्या काथ्यानं जातात. साबण लावायचा नाही तोही छिद्रं पूर्ण बंद होत नाहीत म्हणूनच. लावलाच तर पुढच्या आमटीला फेस येतो आणि घरातला कुणीतरी डाळीच्या प्रतीवर शंका घेतो. गरम पाणी, काथ्या आणि लागलंच तर चिमूटभर राख एवढ्यावर भागतं. आणि ज्या हंडीत एकदा बांगड्याचं तिखलं शिजलं, ती आयुष्यभर बांगड्याचीच. दुधाची, भाताची आणि माशांची अशी तीन मडकी वेगळी ठेवणाऱ्या बायकांना सोवळ्याच्या म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा तिखल्याच्या हंडीत शेवयांची खीर करून पाहावी. वेलदोडे कितीही घातले तरी पहिला घास घेणारा थबकतो, दुसरा घेणारा वाटीत डोकावतो, आणि घरातलं मांजर पाटावर येऊन बसतं.